‘मार्ड ९ टक्के’ म्हणजे चूक नेमकी कुठे? शुगर सेन्सरच्या जाहिरातीतला आकडा असा वाचा

‘मार्ड’ म्हटले की महाराष्ट्रात पहिल्यांदा आठवते ती निवासी डॉक्टरांची संघटना. आता हाच शब्द औषध दुकानाच्या काउंटरवर आणि मोबाइलवरच्या जाहिरातीत वेगळ्याच अर्थाने भेटू लागला आहे. दंडावर चिकटवायचा आणि बोट न टोचता दिवसरात्र शुगर दाखवणारा सेन्सर घ्यायला साताऱ्यातला किंवा सांगलीतला ग्राहक गेला, की ‘आमचा मार्ड फक्त ९ टक्के’, ‘आमचा तर ८ टक्के’ अशी स्पर्धा त्याच्यासमोर येते. आकडा लहान म्हणजे सेन्सर चांगला, एवढाच अर्थ बहुतेक जण घेतात. हा अर्थ पूर्ण चुकीचा नाही, पण अपुरा आहे. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाच्या बाबतीत हा अपुरेपणा धोक्याचा ठरू शकतो.

मार्ड म्हणजे काय?

इंग्रजीतल्या ‘मीन ॲब्सोल्यूट रिलेटिव्ह डिफरन्स’ या चार शब्दांची आद्याक्षरे मिळून ‘मार्ड’ होते. मराठीत सांगायचे तर सेन्सरचा आकडा खऱ्या आकड्यापासून सरासरी किती टक्के लांब पडतो, त्याचे हे माप. ते काढायला शाळेतले गणित पुरते. सेन्सरने दाखवलेली शुगर आणि त्याच वेळी रक्त तपासून आलेली शुगर यांची जोडी घ्यायची. दोन्हींतला फरक काढायचा, तो जास्त आहे की कमी हे सोडून द्यायचे, रक्ताच्या आकड्याने भागायचे आणि शंभराने गुणायचे. अशा सगळ्या जोड्यांची टक्केवारी काढून तिची सरासरी घेतली, की मार्ड मिळतो.

चार जोड्यांचे उदाहरण घेऊ. सगळे आकडे आपल्याकडे वापरतात त्या मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत. रक्तात २०० आणि सेन्सरवर १८८, म्हणजे फरक १२ आणि चूक ६ टक्के. रक्तात १२० आणि सेन्सरवर १३२, फरक पुन्हा १२, पण चूक १० टक्के. रक्तात ८० आणि सेन्सरवर ९२, फरक तोच १२, चूक १५ टक्के. रक्तात ६० आणि सेन्सरवर ५७, फरक ३, चूक ५ टक्के. सहा, दहा, पंधरा आणि पाच यांची बेरीज ३६. तिला चारने भागले की मार्ड आला ९ टक्के.

या छोट्या हिशेबातूनच दोन गोष्टी दिसतात. पहिली, ९ टक्के मार्ड म्हणजे प्रत्येक आकडा ९ टक्क्यांच्या आत बरोबर असतो असे नाही. चारातल्या दोन जोड्या त्याहून लांब गेल्या आहेत. दुसरी, बारा मिलिग्रॅमचा तोच फरक शुगर २०० असताना किरकोळ दिसतो आणि ८० असताना मोठा. त्यामुळे चाचणीत कोणत्या पट्ट्यातल्या जोड्या किती घेतल्या, यावर अंतिम आकडा बराचसा ठरतो.

सरासरी कुठे फसवते?

सातारा जिल्ह्याचा सरासरी पाऊस किती, या प्रश्नाला उत्तर आहे, पण त्या उत्तरावर माणमधला शेतकरी पेरणीचा निर्णय घेत नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास घुटमळतो. शिराळा आणि जत यांच्यामुळे सांगलीच्या सरासरीचेही असेच होते. सरासरी खोटी नसते. ती फक्त कुठल्याच एका गावाची नसते.

सेन्सरच्या चुकीचेही तसेच आहे. दोन सेन्सर कल्पून पाहू. ‘अ’ सेन्सर सगळ्या पट्ट्यांत सारखाच, ९ टक्के चुकतो. ‘ब’ सेन्सर शुगर मध्यम किंवा जास्त असताना फक्त ५ टक्के चुकतो, पण शुगर ७० च्या खाली गेली की २५ टक्के चुकतो. दहा जोड्यांत दोन जोड्या कमी शुगरच्या असतील, तर ‘ब’चा हिशेब असा होतो : आठ वेळा ५ म्हणजे ४०, दोन वेळा २५ म्हणजे ५०, एकूण ९०, सरासरी ९. जाहिरातीत दोन्ही सेन्सरवर ‘मार्ड ९ टक्के’ असेच छापले जाईल.

आता रात्री अडीचची वेळ धरा. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाची शुगर झोपेत ६० वर आली आहे आणि सेन्सरचा अलार्म ७० वर लावलेला आहे. दोन्ही सेन्सर जास्तीच्या बाजूने चुकत आहेत असे समजू. ‘अ’ सेन्सर ६५ दाखवेल, अलार्म वाजेल, घरचे उठतील, साखरपाणी देतील. ‘ब’ सेन्सर ७५ दाखवेल आणि गप्प बसेल. मार्ड एकच, पण एका घरात माणूस सावरला जातो आणि दुसऱ्या घरात कुणाला कळतही नाही.

गोष्ट इथेच संपत नाही. समजा ‘ब’ सेन्सरची चाचणी घेताना कमी शुगरच्या जोड्या दहात दोनऐवजी वीसात एकच आली. मग एकोणीस वेळा ५ म्हणजे ९५, अधिक २५, एकूण १२०, भागिले २०, मार्ड ६ टक्के. सेन्सरमध्ये काडीचाही बदल झालेला नाही, तरी जाहिरातीत तो ‘अ’पेक्षा दीडपट अचूक दिसू लागला. चाचणीत सहभागी झालेल्यांची शुगर फारशी खाली गेलीच नाही, तर असे होणे अगदी सहज शक्य आहे. त्यासाठी कुणी मुद्दाम लबाडी करण्याची गरज नाही.

कोणत्या मापाने मोजले?

उसाच्या वजनाचा वाद माहीत असलेल्या या दोन जिल्ह्यांना काट्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. मार्ड काढताना ‘खरा आकडा’ म्हणून जो घेतला जातो, तोही कुठल्यातरी काट्यावर मोजलेला असतो. काही चाचण्यांत शिरेतले रक्त घेऊन प्रयोगशाळेतल्या यंत्रावर तपासतात, तर काहींत बोट टोचून ग्लुकोमीटरवर. जेवणानंतर बोटातल्या रक्तातली शुगर शिरेतल्या रक्तापेक्षा काहीशी जास्त असते, शिवाय प्रत्येक यंत्राची आपली थोडी खोड असते. सेन्सर आतून ज्या मापाशी जुळवलेला असतो, त्या मापाशी तुलना केली की तो अचूक ठरतो. माप बदलले की आकडाही बदलतो.

याचे ठळक उदाहरण जर्मनीतल्या उल्म शहरात दिसले. तिथल्या मधुमेह तंत्रज्ञान संस्थेने २४ जणांच्या अंगावर तीन कंपन्यांचे सेन्सर एकाच वेळी लावले आणि २०२५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. फ्रीस्टाइल लिब्रे ३, डेक्सकॉम जी७ आणि मेडट्रॉनिक सिंप्लेरा हे ते तीन सेन्सर. प्रत्येकाची तुलना तीन वेगवेगळ्या मापांशी केली गेली. शिरेतल्या रक्तावर चालणाऱ्या एका प्रयोगशाळा-यंत्राशी ताडल्यावर तिघांचे मार्ड जवळपास सारखे निघाले : लिब्रेचा ११.६ टक्के, डेक्सकॉमचा १२ टक्के आणि सिंप्लेराचा ११.६ टक्के. तेच सेन्सर, तीच माणसे, पण माप बोटातल्या रक्ताचे घेतल्यावर लिब्रे ९.७ वर आणि डेक्सकॉम १०.१ वर उतरला, तर सिंप्लेरा १६.६ वर चढला.

यावरून सिंप्लेरा टाकाऊ आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. अर्थ एवढाच, की माप कोणते हे सांगितल्याशिवाय मार्डचा आकडा अर्धवट आहे. पहिल्या मापाने तिघे बरोबरीत होते, दुसऱ्या मापाने एक बराच मागे पडला. एका कंपनीच्या पत्रकातला ८ आणि दुसऱ्या कंपनीच्या पत्रकातला ९ शेजारी ठेवून ‘हा त्यापेक्षा चांगला’ म्हणणे म्हणजे दोन वेगळ्या काट्यांवरच्या दोन खेपांची तुलना करण्यासारखे आहे.

चाचणी कशी घेतली यानेही आकडा हलतो. डेक्सकॉम जी७ च्या अमेरिकेतल्या चाचणीत प्रौढांच्या दंडावर लावलेल्या सेन्सरचा मार्ड ८.२ टक्के आला आणि पोटावर लावलेल्याचा ९.१ टक्के. कंपनी, सेन्सर आणि अभ्यास एकच असून फक्त लावण्याची जागा बदलली होती. उल्मच्या चाचणीत याच सेन्सरचा पहिल्या मापाने आलेला आकडा १२ होता, आणि तिथे सहभागींची शुगर मुद्दाम वेगाने वरखाली करून पाहिली होती.

वेगाने बदलणारी शुगर आणि मागे राहणारा सेन्सर

शुगर वेगाने वरखाली होताना चूक का वाढते, हे समजून घेतले तर घरातली बरीच भांडणे मिटतील. हा सेन्सर रक्तात नसतो. त्याचा बारीक तंतू कातडीखालच्या पेशींभोवतीच्या द्रवात बसलेला असतो. रक्तातली साखर त्या द्रवात पोहोचायला काही मिनिटे लागतात, साधारण पाच ते दहा. शुगर स्थिर असेल तर हा उशीर जाणवत नाही. पण ती मिनिटाला २ ने उतरत असेल, तर दहा मिनिटांत २० चा फरक पडतो. रक्तात ८० असताना सेन्सर अजून १०० दाखवत असतो. हिशेबाने ही २५ टक्के चूक झाली, आणि सेन्सर मात्र बिघडलेला नसतो.

म्हणजेच सकाळी उपाशीपोटी, शुगर शांत असताना घेतलेल्या जोड्यांवर मार्ड छान दिसतो. जेवणानंतर, व्यायामानंतर, इन्सुलिनचा जोर असताना घेतलेल्या जोड्या तो वाढवतात. चांगली चाचणी दोन्ही प्रकारच्या जोड्या घेते. शिवाय सेन्सर लावल्याचा पहिला दिवस बहुतेक सेन्सरसाठी सर्वांत कमी भरवशाचा असतो. दोन आठवड्यांच्या सरासरीत तो दिवसही विरघळून जातो.

घरी ताडून पाहायचे तर

सेन्सर घेतल्यावर बोट टोचून तो ‘तपासण्याचा’ मोह प्रत्येकाला होतो. तपासावे जरूर, पण दोन्ही बाजूंच्या मर्यादा लक्षात ठेवून. ग्लुकोमीटरसाठीच्या २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार शुगर १०० किंवा त्याहून जास्त असताना १५ टक्क्यांपर्यंतचा आणि १०० च्या खाली १५ मिलिग्रॅमपर्यंतचा फरक चालतो. शंभरातल्या ९५ तपासण्या या मर्यादेत बसल्या पाहिजेत. समजा खरी शुगर १५० आहे. ग्लुकोमीटर ८ टक्के खाली, म्हणजे १३८ दाखवतो. सेन्सर ८ टक्के वर, म्हणजे १६२ दाखवतो. दोघेही आपापल्या जागी ठीक आहेत, पण घरच्यांना २४ चा फरक दिसतो आणि ‘पैसे वाया गेले’ असे वाटते.

दुसरी गंमत बोटाची आहे. जपानमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहभागींना द्राक्षे, संत्री, किवी अशी फळे हाताळायला देऊन मग बोट टोचून शुगर मोजली. हात न धुता मोजलेली शुगर भलतीच जास्त आली, आणि स्पिरिटच्या बोळ्याने बोट पुसूनही ती खोटी वाढ पुरती गेली नाही. पाण्याने हात धुतल्यावरच खरा आकडा मिळाला. तासगावच्या द्राक्षबागेत काम करणाऱ्याने, गुऱ्हाळावर असलेल्याने किंवा नुकताच कंदी पेढा हातात घेतलेल्याने हे पक्के ध्यानात ठेवावे. अशा वेळी चूक सेन्सरची नसते, बोटावरच्या साखरेची असते.

त्यामुळे ताडून पाहायचे तर साबणाने हात धुऊन, कोरडे करून, आणि सेन्सरच्या पडद्यावरचा बाण आडवा, म्हणजे शुगर स्थिर असताना. एका जोडीवरून निकाल देऊ नये. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या पट्ट्यांत आठ-दहा जोड्या वहीत लिहाव्यात आणि फरकाची दिशाही लिहावी. हे महत्त्वाचे आहे, कारण मार्डमध्ये दिशा गाळलेली असते. नेहमी १० टक्के कमी दाखवणारा सेन्सर आणि कधी १० टक्के वर, कधी १० टक्के खाली उडी मारणारा सेन्सर यांचा मार्ड एकच येतो. पहिल्याची खोड डॉक्टर वही पाहून ओळखू शकतात. दुसऱ्याची ओळखणे कठीण. घरच्या आठ-दहा जोड्यांवरून मार्ड काढून कंपनीच्या आकड्याशी तुलना करण्यात मात्र अर्थ नाही. प्रसिद्ध चाचण्यांतले मार्ड हजारो जोड्यांवर काढलेले असतात. आणि अंगात घाम, थरथर, भोवळ अशी कमी शुगरची लक्षणे असतील आणि सेन्सर ‘सर्व ठीक’ म्हणत असेल, तर लक्षणांवर विश्वास ठेवून लगेच बोट टोचून पाहावे.

मग पाहायचे काय?

मार्डच्या जोडीला आणखी एक तक्ता असतो आणि तोच जास्त बोलका आहे. शंभर आकड्यांपैकी किती आकडे ठरावीक अंतराच्या आत पडले, ते त्यात पट्टानिहाय दिलेले असते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये इन्सुलिन पंपासारख्या उपकरणांना जोडता येतील अशा सेन्सरसाठी निकष ठरवले, तेव्हा मार्डची एकच मर्यादा घालून काम भागवले नाही. शुगर ७० च्या खाली असताना सेन्सरचे ८५ टक्क्यांहून अधिक आकडे खऱ्या आकड्यापासून १५ मिलिग्रॅमच्या आत हवेत, असे त्यांनी सांगितले. ७० ते १८० या पट्ट्यात १५ टक्क्यांच्या आत ७० टक्क्यांहून अधिक, आणि १८० च्या वर ८० टक्क्यांहून अधिक आकडे बसले पाहिजेत. शिवाय खरी शुगर ७० च्या खाली असताना सेन्सरने १८० च्या वरचा आकडा एकदाही दाखवता कामा नये, आणि उलटही नाही. कमी पट्ट्यात टक्क्यांऐवजी मिलिग्रॅम वापरण्यामागचे कारण वरच्या चार जोड्यांच्या उदाहरणात आले आहे : आकडा लहान असला की टक्के फुगतात.

हा तक्ता कंपनीच्या माहितीपुस्तिकेत मागच्या पानांवर, बारीक अक्षरांत सापडतो. ‘ब’ सेन्सरसारखा प्रकार तिथे लगेच उघडा पडतो, कारण ७० च्या खालची ओळ स्वतंत्र असते. मार्डचा एक आकडा वाचण्याऐवजी ही एक ओळ वाचली तरी इन्सुलिन घेणाऱ्याचे निम्मे काम होते.

प्रत्येकाला एवढी चिकित्सा करण्याची गरज आहे का? नाही. ज्याचे औषध फक्त मेटफॉर्मिन आहे आणि ज्याला भडंग खाल्ल्यावर शुगर किती चढते, सकाळच्या फेरफटक्याने किती उतरते एवढेच पाहायचे आहे, त्याला ८ आणि १० टक्क्यांतला फरक जाणवणारही नाही. मेटफॉर्मिनने शुगर एकदम खाली जाण्याचा धोका फार कमी असतो, आणि आलेखाचा चढउतार दोन्ही सेन्सरवर सारखाच दिसेल. अशा माणसाने जास्त पैसे फक्त मार्डसाठी मोजू नयेत. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी शुगर खाली नेणारी गोळी घेणाऱ्याचा प्रश्न वेगळा आहे. त्याच्यासाठीही मार्ड १० च्या खाली गेल्यानंतर आणखी एका टक्क्याच्या सुधारणेने इन्सुलिनच्या डोसच्या निर्णयात फारसा फरक पडत नाही, असे २०१५ मध्ये संगणकीय प्रारूपांवर केलेल्या अभ्यासात दिसले होते. त्यामुळे दोन सेन्सर दहाच्या आत असतील, तर एका टक्क्यासाठी घासाघीस करण्यापेक्षा ७० च्या खालची ओळ आणि अलार्मची सोय पाहणे शहाणपणाचे.

जबाबदारी ग्राहकाचीच का?

इथे खरा आक्षेप नोंदवायला हवा. हा सगळा हिशेब विट्याच्या किंवा फलटणच्या ग्राहकाने काउंटरवर उभे राहून करावा, ही अपेक्षा अन्यायाची आहे. ग्लुकोमीटरसाठी निदान एक आंतरराष्ट्रीय मानक आहे. सतत शुगर मोजणाऱ्या सेन्सरची चाचणी कोणत्या मापाने, किती वेळा शुगर खाली नेऊन, कोणावर घ्यायची, याची तशी जगभर सर्वांनी पाळायची एकच पद्धत अजून रुळलेली नाही. प्रयोगशाळा-वैद्यकाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा एक कार्यगट २०१९ पासून त्यावर काम करतो आहे. आपल्याकडे वैद्यकीय उपकरणांसाठी २०१७ चे नियम आहेत आणि परवान्याची व्यवस्थाही आहे, पण परवाना मिळाला म्हणजे जाहिरातीतला टक्का इतरांशी तुलना करण्याजोगा झाला असे होत नाही.

मानक येईपर्यंत वाट पाहण्याचीही गरज नाही. जिथे मार्ड छापला जातो, तिथेच त्याच्या शेजारी तीन गोष्टी त्याच आकाराच्या अक्षरांत छापण्याची सक्ती करता येईल : तुलना शिरेतल्या रक्ताशी केली की बोटातल्या, ७० च्या खालच्या किती जोड्या घेतल्या, आणि त्यांपैकी किती १५ मिलिग्रॅमच्या आत पडल्या. कंपन्यांकडे ही माहिती असते. ती मागच्या पानावरून पुढच्या पानावर आणायची, एवढेच. पिशवीवर खताचे घटक टक्केवारीने छापलेले नसतील तर शेतकरी पिशवी उचलत नाही. अंगावर चिकटवायच्या आणि ज्याच्या भरवशावर रात्री झोपायचे त्या वस्तूला त्याहून सैल नियम असू नये.

तोपर्यंत दुकानदाराला विचारायचा प्रश्न ‘मार्ड किती?’ हा नसावा. ‘शुगर सत्तरच्या खाली असताना हा किती वेळा बरोबर असतो आणि ते कुठे लिहिले आहे?’ हा असावा. उत्तरादाखल पुस्तिकेतले पान उघडून दाखवले गेले तर पुढचे बोलणे करावे. पुन्हा तोच एक टक्का ऐकवला गेला, तर पाकीट परत ठेवावे आणि आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे.